शब्दचर्चा : ‘परिपक्व होणे’ की ‘कळता होणे’?

एमए_अंबाजोगाई : डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1861) या कादंबरीवरच्या निबंधात मी लिहिलं, “शेवटी नायक पिप परिपक्व होतो.” सरांनी समासात एकच शब्द लिहिला : “कशावरून?” इथं ‘परिपक्व’ चालत नाही का? दुसरा कोणता शब्द घेऊ?

शेतीवाला_परभणी : आमच्याकडं ‘पोरगं कळतं झालं’ म्हंतेत. आमचं थोरलं यंदा कुणी न सांगता कापसाचा हिशेब ठिवायलंय. झालं की कळतं.

वाचनवेडी_लातूर : शब्द कुठलाही घ्या. लहानपणी ज्यानं सांभाळलं त्या लोहाराशी, गार्जरीशी आपण कृतघ्नपणे वागलो, हे पिप स्वतःच सांगतो. पश्चात्ताप झाला म्हणजे माणूस बदलला.

नांदेडकर_गुरुजी : सरांनी शब्दाला हरकत घेतलेली नाही, पुरावा मागितलाय. आणि ताई, तो पश्चात्ताप पुरावा म्हणून चालायचा नाही. गोष्ट सांगणारा पिप मोठा झालेला आहे. त्याची हळहळ सुरुवातीपासूनच सुरात आहे. पोरगा कधी बदलला, ते त्यावरून कळत नाही.

एकाच दुखऱ्या जागेचे दोन प्रसंग शेजारी ठेवा. गार्जरी लंडनला भेटायला येतो, त्याची टोपी सारखी खाली पडते, पिप कानकोंडा होतो. जिवलग मित्र हर्बर्टनं पाहिलं तर त्याला फारसं काही नाही, धास्ती आहे ती सोबत शिकणाऱ्या ड्रमलची, आणि त्या ड्रमलला तर तो स्वतः तुच्छ मानतो! आता मॅग्विचचा खटला बघा. ज्या कैद्याच्या पैशावर आपण साहेब झालो, त्याची पिपला आधी किळस आली होती. ती संपत्ती सरकारजमा होणार हे आता त्याला ठाऊक आहे. तरी आरोपीच्या कठड्याला लागून, त्याचा हात हातात घेऊन तो उभा राहतो, आणि बघे नेमके या दोघांकडेच बोट दाखवतायत. लोक बघतायत आणि मिळायचं काही नाही, तरी हात सुटत नाही. ‘कळता झाला’ म्हणायचं ते यावरून.

वाचनवेडी_लातूर : मग गावाकडच्या बालमैत्रिणीचं, बिडीचं काय? हे सगळं झाल्यावर गडी गावी निघतो, तिला मागणी घालायला. ती आपल्यासाठी थांबलीच असणार, हे गृहीत! पोचतो तर तिचं गार्जरीशी त्याच दिवशी लग्न लागलेलं.

नांदेडकर_गुरुजी : खरंय, हे निबंधात यायलाच हवं. पण तो नमून जायचं ठरवून निघालेला असतो, म्हणून निव्वळ जुना तोराच म्हणायला मी कचरतो.

एमए_अंबाजोगाई : मग ‘कळता होऊ लागतो’ लिहू?

वाचनवेडी_लातूर : ते सोयीचं आहे. कुणाच्या बाबतीत कळता झाला आणि कुणाच्या नाही, ते लिहा.

शेतीवाला_परभणी : पुढं कामाला लागलं का ते पोरगं?

नांदेडकर_गुरुजी : लागलं. हर्बर्टच्या कंपनीत परदेशी कारकुनी केली, कर्ज फेडलं.

शेतीवाला_परभणी : मंग अजून काय पायजे!

वाचनवेडी_लातूर : पण दादा, ती सगळी वर्षं डिकन्सनं चार ओळींत उरकलीत. एक दिवससुद्धा डोळ्यांपुढं उभा केला नाही. मी तरी ते पुराव्यात धरणार नाही.