भावाला पत्र लिहिलंय, पाठवण्याआधी वाचून सांगा (थर्ड इयर सोडून स्टार्टअप)

नाशिकची_ताई: मी मेकॅनिकल इंजिनिअर. धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे, बंगळुरूच्या एका स्टार्टअपने महिना 35,000 आणि 20,000 इसॉप देऊ केलेत, म्हणतो कॉलेज सोडतो. पत्राचा मुख्य भाग टाकतेय, हिशोबात काही चुकत असेल तर सांगा.

"बाळू, 20,000 इसॉप म्हणजे 20,000 शेअर नव्हेत, ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा नुसता हक्क. तोही चार वर्षांत थोडा थोडा मिळणार. अकराव्या महिन्यात तू सोडलंस किंवा त्यांनी काढलं तर हातात शून्य. वर्ष भरलं की 5,000. ते 10 रुपयांनी घ्यायला 50,000 खिशातून, आणि त्या दिवशी शेअरची किंमत 410 धरली तर मधले 400 गुणिले 5,000, म्हणजे 20 लाख तुझ्या पगारात धरून टॅक्स. आणि ते शेअर विकायला बाजार नाही. कंपनीचे एकूण शेअर किती आणि नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला किती दिवस मिळतात, हे दोन्ही मेलवर विचारून घे."

कोथरूडकर: 35,000 मध्ये बंगळुरूत भागत नाही हो, माझ्या मुलीचं डिपॉझिटच काही महिन्यांच्या भाड्याएवढं गेलं. आधी जागा बघा.

सह्याद्री_77: डिग्री सोडू देऊ नका. मी डिप्लोमावर 14 वर्षं काम केलं, अमेरिकेला जायची वेळ आली तेव्हा पदवी नाही म्हणून अनुभवाची पत्रं गोळा करत बसलो, तोवर दुसऱ्याला पाठवलं.

हिशोबी_माणूस: टॅक्सचं चुकलंय ताई. स्टार्टअपला 2020 पासून तो पुढे ढकलता येतो, शेअर विकेपर्यंत भरायचा नाही.

सीए_वऱ्हाडी: अर्धंच बरोबर. ती सवलत सगळ्या स्टार्टअपना नाही, सरकारी यादीत नाव असून भागत नाही, आंतर-मंत्रालयीन बोर्डाचं वेगळं सर्टिफिकेट लागतं आणि ते फार थोड्यांकडे असतं. असलं तरी नोकरी सोडली की टॅक्स लगेच देय होतो, म्हणजे पोराला नको तेव्हाच. एचआरला सर्टिफिकेटची कॉपी मागा. आणि पहिलं वर्ष कमी करा म्हणून भांडू नका, किमान एक वर्ष कंपनी कायद्याच्या नियमातच आहे. भांडायचंच तर सोडल्यानंतरच्या मुदतीवर भांडा, काही ठिकाणी ती 90 दिवसच असते.

हिशोबी_माणूस: माझ्या मित्राने तरी भरला नव्हता.

सह्याद्री_77: तरी डिग्रीचं पत्रात घालाच.

कोथरूडकर: शेवटच्या सेमला इंटर्नशिप म्हणून हीच कंपनी चालते का, कॉलेजला विचारा. आमच्याकडे चाललं.

नाशिकची_ताई: सर्टिफिकेट आणि मुदत, दोन्ही घातलं. डिग्रीचं नाही घालणार, आई ते रोज ऐकवते आणि तो फोन ठेवतो. सहाव्या सेमची परीक्षा देऊन मग जा, एवढंच लिहिलं, आणि डिपॉझिट मी भरते असंही. इंटर्नशिपचं त्याच्या एचओडींना उद्या विचारते. पत्र पाठवलंय.