टपोरी बोली: गुंडांची की नाक्यावरची?

सायली: माझा भाऊ नववीत आहे. मित्रांशी फोनवर "अपुन को नय मंगता" असलंच बोलतो. आई म्हणते, संगत बिघडली. ही मुंबईतल्या गुंडांचीच भाषा ना?

अनिकेत: गुंडांचीच. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे हिशेब कोणाचे? धड मराठी नाही, धड हिंदी नाही. वेळीच थांबवा.

गिरणगावकर: पेटी-खोक्यापुरतं ठीक. बाकीचं जरा कान देऊन ऐका. "वो आयेला है" मधला 'एला' आपल्या 'आलेला'तला. 'येडा' म्हणजे वेडा, 'शाणा' म्हणजे शहाणा, आणि 'भिडू' तर गल्लीतल्या खेळातला. घरात मराठी आणि शेजार दहा ठिकाणचा, अशा वस्तीत ही हिंदी घडली.

आमच्या चाळीतला एक पोरगा नाक्यावर "अपुन उसको बोला, शाणपट्टी नय करने का" असं ऐकवत असायचा. तेवढ्यात माझी आई बाजारातून आली, की त्याच दमात, "काकू, पिशवी द्या इकडे." बोलणारा तो एकटाच, पण 'अपुन' म्हणताना सगळा नाका पाठीशी असतो. मराठीतही "आपण नाय घाबरत कोणाला" म्हणणारा एकटाच असतो की!

नक्कल करणारा मात्र लगेच पकडला जातो. तो म्हणतो, "अपुन कल जायेला है." एला लागतो झालेल्या गोष्टीला. उद्याचं असेल तर "कल जाने का है."

शबाना: सगळंच मराठीच्या खात्यावर नका टाकू. 'मेरेको-तेरेको' माझी हैदराबादची आजीही बोलायची, आणि तिने मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती.

प्रशांत, कुर्ला: माझं सांगतो. मुलाखतीत तोंडातून "मेरेको आता है" निघून गेलं. साहेबांनी विचारलं, राहता कुठे? त्यानंतर कामाचा एकही प्रश्न नाही. बाहेर त्यांचीच माणसं "यार, वाट लग गई" म्हणून हसत होती. त्यांना चालतं, कारण त्यांचं पुढचं वाक्य इंग्रजीत येतं. आमचं पुढचंही 'मेरेको'तच येतं, मग आम्ही टपोरी.

अनिकेत: मग मी वेगळं काय म्हणतोय? नोकरी हातची जात असेल तर पोराला आवरायला नको?

प्रशांत, कुर्ला: आवरून मी घरी काय बोलू? मुलाखतीची भाषा मला कोणी शिकवलीच नाही, राग त्याचा आहे. नाक्यावर मी साहेबी बोललो तर तिथली पोरं म्हणतील, हा आता आपला राहिला नाही.

गिरणगावकर: सायली, भाऊ घरात मोठ्यांशी कसा बोलतो?

सायली: आजीशी 'मी'च म्हणतो. कालही मित्राचा फोन आला, तर आधी गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं, आणि मग 'अपुन' सुरू झालं.