काकांचा नोटावाला फॉरवर्ड

>> काकांचा फॉरवर्ड पटला नाही तर काय लिहायचं? गप्प बसलं तर मान्य असल्यासारखं वाटतं.

आमच्या काकांनी विधानसभेच्या वेळी ग्रुपवर टाकलेलं, "सगळे चोर, नोटा दाबा, नोटा जिंकला की निवडणूक रद्द!" खाली सतरा अंगठे. मी ग्रुपवर काहीच नाही लिहिलं, चारचौघात चूक काढली की माणूस हट्टाला पेटतो. रात्री फोन केला, आधी गुडघा कसाय वगैरे, मग म्हटलं काका, ते रद्दचं महापालिका, नगरपालिकेला बरोबरे, आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ला तसा आदेश काढलाय, पण विधानसभेला नाही चालत, २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता, पहिला आला असता तरी आमदार उमेदवारांतलाच झाला असता.

मग काका म्हणाले, "म्हणजे तुला पटतंय ना सगळे चोर?" इथे हो हो करायचा मोह होतो बघा. मी म्हटलं, "नाही काका, तेवढं नाही पटत, मी उमेदवार बघून मत देणार. तुमचा राग मात्र कळतो."

दोन मिनिटं शांतता. मग, "बरं, रविवारी जेवायला ये."

फॉरवर्ड काही डिलीट केला नाही हां त्यांनी.