अनुभव धागा: लोकलमध्ये ‘कुठे?’ विचारणारे आणि पत्ता लागू न देणारे

कल्याण_फास्ट

मंडळी, लोकलच्या गर्दीवर रडगाणी पुष्कळ झाली. मला धागा हवाय तो गर्दीतल्या नगांवर, आणि तोही फक्त बसायच्या जागेपुरता. सीट मिळवण्यासाठी आपली माणसं काय काय करतात ते लिहा. सुरुवात मी करतो.

सकाळची फास्ट, सेकंड क्लास. पहिला नग म्हणजे चौकशी अधिकारी. हा डोंबिवलीला चढतो, बॅग वर टाकायच्या आधी दोन बाकांच्या मधे घुसतो आणि खिडकीपासून उलटतपासणी सुरू करतो. शब्द एकच, ‘कुठे?’ नमस्कार नाही, अहो-जाहो नाही. भुवई वर, हनुवटी पुढे. एरवी कुणी असं विचारलं तर भांडण होईल, पण इथे समोरचा गुमान सांगतो, ‘भायखळा’. अधिकाऱ्याचं तोंड उतरतं. पुढचा म्हणतो, ‘सीएसटी’. आता तर घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा. तिसरा म्हणतो, ‘घाटकोपर’, आणि अहाहा! त्या क्षणापासून तो घाटकोपरवाला म्हणजे जावई. त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद असेल तर अधिकारी स्वतःच्या खिशातला कंगवा काढून, जाळीतून आत घालून पातं ढकलून देतो. बाकी उभे लोक घामाने निथळताहेत, जावयाला वारा!

आणि घाटकोपरला एवढा भाव का? पूर्वी अंधेरीला जाणारे दादरपर्यंत बसून राहायचे आणि तिथून वेस्टर्न पकडायचे. जून 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ही मंडळी कुर्ला, दादर यायच्या आधीच उठायला लागली. तेव्हापासून फास्ट गाडीत ‘घाटकोपर’ हा शब्द नुसता ऐकला तरी चार माणसं वळून बघतात.

दुसरा नग, कुंभकर्ण. तो कल्याणला बसतो आणि गाडी हलायच्या आत झोपतो. त्याला ‘कुठे?’ विचारता येत नाही, हीच त्याची खेळी. मान शेजाऱ्याच्या खांद्यावर, तोंड उघडं. कुर्ला गेलं की डोळे न उघडता उठतो, न उघडताच वरची बॅग काढतो, आणि दादरला सगळ्यांच्या आधी फलाटावर. सीट कुणाला? तर बाजूला सहज उभा असलेल्याला, ज्याने काही विचारलंच नव्हतं. अधिकारी अजून घाटकोपरवाल्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवरून भांडतोय!

रिटर्नवाला

आमचा पंथ राहिला. मी राहतो डोंबिवलीत, पण पास कल्याणपासूनचा. सकाळी आधी उलटी गाडी पकडून कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत फिरते तेव्हा आतच बसून राहायचं. घरासमोरून दोनदा जातो, पण दुसऱ्यांदा बसून जातो.

नवशिक्यांसाठी दोन गोष्टी. इंडिकेटरवर गाडी कल्याणचीच आहे ना, ते बघा. बदलापूर किंवा टिटवाळ्याच्या गाडीत बसलात तर ती फिरेल, पण बदलापूर आणि टिटवाळा दाखवून. दुसरं, पास डोंबिवलीपर्यंतचाच असेल आणि कल्याणला टीसी भेटला, तर किमान 250 रुपये दंड आणि वर भाडं. सीट फार महाग पडते.

यातला खरा नग मात्र कल्याणचा माणूस. तो आपल्या स्टेशनवर, गाडी जिथून सुटते तिथे, ऐटीत उभा असतो. गाडी येते, तो वाघासारखी उडी मारतो, आणि आत बघतो तर सगळे बाक भरलेले. आम्ही खिडकीबाहेर बघतो. त्या वेळी कल्याणचा फलाट फार प्रेक्षणीय असतो.

मुलुंडची_मावशी

तुमच्या जेन्ट्स डब्यात ‘कुठे?’ विचारून काम भागतं. लेडीजमध्ये बुकिंगची साखळी असते. मी विचारते, ‘तू कुठे उतरणार गं?’ ती म्हणते, ‘दादर, पण माझी सीट त्या हिरव्या ओढणीला दिलीय.’ हिरवी ओढणी दारापाशी. तिला लांबूनच विचारायचं, ‘अगं हिरवी, तू कुठे?’ ती म्हणते, ‘मी सीएसटी, पण माझ्यानंतर हिचा नंबर.’ आणि ‘हिचा’ म्हणून जिच्याकडे बोट दाखवते, ती दोघींनाही ओळखत नसते!

आमच्यात गवार मोडणारी एक ताई आहे. मांडीवर पिशवी, पिशवीत भाजी. ती उतरायच्या आधी शेजारणीला विचारते, ‘जरा एवढ्या शेंगा मोडतेस का?’ आणि शेजारीण मोडते. सीट हवी असेल तर शेंगा मोडाव्याच लागतात. यात मला काही वावगं वाटत नाही, संध्याकाळी तिच्या घरी चार माणसं जेवणार असतात.

जाता जाता, बायकांसाठी अख्खी गाडी सोडायची सुरुवात मध्य रेल्वेनेच केली. आमच्याकडे सगळं आधी झालं.

बोरिवली_पूर्व

मावशी, रेल्वे पहिल्यांदा तुमच्याकडे धावली हे मान्य, 1853, बोरीबंदर ते ठाणे. पण लेडीज स्पेशल आमची. मे 1992, चर्चगेट ते बोरिवली.

आता माझा नग. विरार फास्टच्या दारातले द्वारपाल. बोरिवलीला उतरायचं म्हणून चर्चगेटला त्यांच्या गाडीत चढलात, तर अंधेरी गेल्यावर विचारणा होते, ‘बोरिवलीला उतरायचंय? मग विरार कशाला पकडली?’ आणि भिंत उभी राहते. हात धरत नाहीत, काही नाही, फक्त कुणी हलत नाही. माझा एक मित्र असा थेट विरारपर्यंत गेला आहे. बसायला जागा मात्र वसईनंतर त्यांनीच दिली त्याला, आणि घरी काय सांगायचं तेही शिकवलं.

सदाशिव_पेठ

आरक्षणाबद्दलच विचारलंय ना? मग डेक्कन क्वीनच्या पासधारकांच्या डब्यासारखी शिस्त कुठेच नाही. ठरलेली माणसं, ठरलेल्या जागा, मांडीवर ब्रीफकेस आणि तिच्यावर पत्ते. नवखा चुकून बसला तर कुणी ओरडत नाही. चौघे जण त्याच्याकडे नुसते बघत राहतात. लोणावळ्यापर्यंत तो आपण होऊन उठतो.

कल्याण_फास्ट

काका, प्रश्न लोकलचा होता, पण ते बघणं डोळ्यासमोर आलं. राहू द्या.

चौथी_सीट_झिंदाबाद

चौथ्या सीटवर कुणीच बोललं नाही? ती रेल्वेनेच दिलेली आहे. बाक चौघांसाठीच केलेला असतो, म्हणून तर तिघे सरकतात.

रिटर्नवाला

बाक तिघांचाच आहे, दादा. चौथा बसतो तो माणुसकीवर. अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत, एक पाय वाटेत रोवलेला, आणि गाडीने ब्रेक मारला की सगळा भार त्या पायावर. त्यात ‘जरा सरका’ म्हटल्यावर तिघेही जागच्या जागी हलतात, जागा मात्र एका बोटाचीही होत नाही! तरी चौथ्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चौथी_सीट_झिंदाबाद

बरं, तिघांचा. मग हे सांगा, तिसरा उतरला तर त्याच्या जागेवर हक्क कुणाचा? चौथ्याचा की ‘कुठे?’ विचारून ठेवणाऱ्याचा?

कल्याण_फास्ट

विचारणाऱ्याचा. शब्द दिला-घेतला आहे.

मुलुंडची_मावशी

अजिबात नाही. चौथी सरकणार, आणि विचारणारी चौथीच्या जागी बसणार. आमच्या डब्यात हेच चालतं.

बोरिवली_पूर्व

आणि तिसरा न उतरता खिडकीवाला उतरला तर? आमच्याकडे यावरून गोरेगावपासून दहिसरपर्यंत भांडण चाललं होतं. निकाल लागायच्या आत दोघेही उतरून गेले.