मदत हवी आहे: फॉर्म्युला म्हणतो आयआर 1.96, बॅकटेस्ट म्हणते 0.43. दोघांत खोटं कोण बोलतंय?

रात्रपाळी_पुणे

नमस्कार मंडळी, मी सॉफ्टवेअरवाला आहे, फायनान्स शिकलेलो नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. गेले तीन महिने रात्री जागून एक मोमेंटम मॉडेल केलंय. मार्केट कॅपने वरचे 200 शेअर घेतले, प्रत्येकाचा मागच्या 12 महिन्यांचा परतावा काढला, त्यातला शेवटचा महिना सोडला, त्यावरून स्कोअर दिला. जानेवारी 2009 ते डिसेंबर 2023, म्हणजे 180 महिने. दर महिन्याला स्कोअर आणि पुढच्या महिन्याचा परतावा यांचं कोरिलेशन काढलं, त्याची सरासरी आली 0.04. हाच आयसी ना?

मग ग्रिनोल्डचा 1989 चा नियम वाचला, IR = IC × √BR, म्हणजे आयआर हा इंडेक्सवर मिळालेला परतावा धोक्याच्या मानाने, आणि BR म्हणजे ब्रेड्थ, वर्षाला किती सुट्या बेट. ब्रेड्थ मी धरली 200 गुणिले 12 म्हणजे 2400, वर्गमूळ 49, आणि 0.04 ने गुणलं की 1.96. मी उडालोच. बायकोला उठवून सांगितलं. पण वरचे 20 शेअर समान वजनाने घेऊन दर महिन्याला बदलत बॅकटेस्ट केली तर इंडेक्सच्या वर मिळालेला परतावा भागिले ट्रॅकिंग एरर, म्हणजे तो वरचा परतावा वर्षाला किती हलतो ते, फक्त 0.43 येतंय. कोड तीनदा तपासला. कुठे चुकतोय?

मीनल_डी

ब्रेड्थ चुकलीये तुझी. 12 महिन्यांच्या मोमेंटमचा स्कोअर या महिन्यात आणि पुढच्या महिन्यात जवळपास तोच असतो रे, खिडकीतला एक महिना जातो, एक येतो. मग दर महिन्याला नवीन बेट कुठे झाली? 12 ने गुणूच नकोस. 200 चं वर्गमूळ 14.1, गुणिले 0.04 म्हणजे 0.57. तुझ्या 0.43 च्या जवळ आलं की नाही?

तात्या_ऑप्शनवाले

माझं पण बघा जरा. मी निफ्टीचे स्ट्रँगल विकतो, दिवसाला दहाएक ट्रेड, 80 टक्के बरोबर येतात. कुठेतरी वाचलं होतं की हिट रेटच्या दुपटीतून 1 वजा केला की आयसी, म्हणजे माझा 0.6. वर्षाला 2500 ट्रेड, वर्गमूळ 50. आयआर 30!! मग माझ्या खात्यात पैसे का नाहीत हो?

सातारी_क्वांट

तात्या 😄 तुम्ही रडवताय. दहा ट्रेड मोजताय पण मत एकच आहे, "आज बाजार फार हलणार नाही". दहा वेळा बोललात म्हणून दहा मतं होत नाहीत. आणि तो दुप्पट वजा एकचा हिशोब जिंकलं तर एक रुपया, हरलं तर एक रुपया असल्या बेटचा आहे. तुम्ही आठ वेळा शंभर कमावता आणि दोनदा चारशेच्या वर देऊन बसता. तिथे हिट रेटला काही अर्थ नाही.

आता मूळ प्रश्न. मीनलताईंचं निम्मं बरोबर आहे. स्कोअर हळू बदलतो हे खरं, पण तेवढ्यावरून 12 काढून टाकायचे नाहीत. तू जो 0.04 मोजलास तो एका महिन्याचा आहे, आणि जूनचे परतावे मेच्या परताव्यांपेक्षा वेगळेच असतात, म्हणजे परीक्षा दर महिन्याला नवीनच होते. हळू स्कोअरचा परिणाम दुसरीकडे दिसतो. तू उद्या हुशारी करून हाच स्कोअर आठवड्याला मोजलास तर बेट चारपट होतील, पण आठवड्याचा आयसी 0.02 च्या आसपास घसरेल. अर्धा गुणिले दोन, होतास तिथेच. फक्त ब्रोकर खूश.

खरी भानगड 200 मध्ये आहे. नियम गृहीत धरतो की 200 मतं एकमेकांना ओळखत नाहीत. इकडे सरकारी बँका सगळ्या एकत्र चढतात, आयटीवाले एकत्र पडतात. तुझ्या यादीत दहा सरकारी बँका खाली असतील तर ती दहा मतं नाहीत, दीड-दोन असतील. हे ओळखायला महिन्यामहिन्याचा आयसी किती हलतो ते बघ:

```python
ic = df.groupby("month").apply(
    lambda g: g["score"].corr(g["fwd_ret"], method="spearman"))
print(ic.mean(), ic.std(), 1 / ic.std()**2)
```

200 शेअर खरोखर सुटे असते तर नुसत्या नशिबाने आयसी महिन्याला 1/√200 म्हणजे 0.07 इतका हलला असता. तुझा किती येतो ते टाक इथे.

रात्रपाळी_पुणे

दादा, 0.12 आला. तिसरा आकडा 69. आणि मे 2009 चा आयसी उणे 0.31 आहे, तो बघून मला वाटलं डेटाच फाटलाय.

सातारी_क्वांट

डेटा फाटलेला नाही, आठव तो महिना. 18 मे 2009, निवडणुकीच्या निकालानंतरचा सोमवार, सेन्सेक्सला अप्पर सर्किट लागून व्यवहार थांबले होते. 2008 भर आपटलेले इन्फ्रा आणि बांधकामवाले शेअर तेव्हा सुसाट सुटले, आणि तुझ्या मॉडेलमध्ये ते सगळे तळाला. त्या महिन्यात तुझी बेट एकच होती, "पडलेले पडलेलेच राहतील", आणि ती गेली.

आता 69 चा अर्थ बघ. तुझे 200 शेअर महिन्याला 69 सुट्या शेअरांइतकंच काम करतायत. 69 गुणिले 12 म्हणजे 828, वर्गमूळ 28.8, गुणिले 0.04 म्हणजे 1.15. किंवा थेट कर, सरासरी आयसी भागिले त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले √12, आकडा तोच. ही दुसरी पद्धत मला जास्त पटते कारण त्यात ब्रेड्थ मोजायची झकमारीच नाही.

मीनल_डी

पण मग ही ब्रेड्थ कमी झाली असं कसं म्हणता? मे 2009 मध्ये शेअर एकत्र हलले हे एक, पण मोमेंटम नावाची गोष्टच त्या महिन्यात उलटी चालली हे दुसरं. शेअर हजार घेतले तरी दुसरी गोष्ट कमी होणार नाही. तुमचा 69 दोन्ही एकाच पोत्यात भरतोय.

सातारी_क्वांट

मान्य, पोतं एकच आहे. वेगळं करायचं तर आधी परताव्यातून बीटा, म्हणजे बाजाराबरोबरचं हलणं, आणि सेक्टर काढून उरलेल्या परताव्यावर आयसी मोजावा लागेल. तरी जो हलेल तो बराचसा कौशल्याचाच चढउतार म्हणायचा. पण त्याला ब्रेड्थ म्हणायचं की धोका म्हणायचं यावर माझं मत रोज बदलतं.

असो, 1.15 ते 0.43 अजून बाकी आहे. ते तुझ्या 20 शेअरांच्या पोर्टफोलिओत सापडेल. मॉडेलला 200 मतं आहेत, तू ऐकतोस 20. तळाचा शेअर इंडेक्समध्ये 0.05 टक्के असेल तर तुझं "हा बेकार आहे" हे मत कितीही पक्कं असो, तू जास्तीत जास्त 0.05 टक्केच कमी घेऊ शकतोस, शॉर्ट तर करत नाहीस. उलट रिलायन्स, एचडीएफसी बँक यादीत आले नाहीत की इंडेक्सच्या तुलनेत तू त्यांच्या विरोधात मोठ्ठी बेट लावून बसतोस, मॉडेलचं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नसलं तरी. क्लार्क, डी सिल्वा आणि थॉर्ली यांनी 2002 मध्ये नियमात हाच गुणक घातला, ट्रान्सफर कोएफिशियंट. प्रत्येक शेअरचं तुझं वजन वजा इंडेक्समधलं वजन, गुणिले त्या शेअरची इंडेक्स वगळून उरलेली व्होलॅटिलिटी, आणि याचं स्कोअरशी कोरिलेशन. दर महिन्याला काढ, सरासरी घे.

रात्रपाळी_पुणे

काढला. सरासरी 0.38. आणि 1.15 गुणिले 0.38 म्हणजे 0.44!!! बॅकटेस्ट 0.43. दादा पाय कुठे आहेत तुमचे?

बीटा-सेक्टर काढून पण बघितलं, आयसी 0.033 वर आला पण हलणं 0.095 वर. म्हणजे 1.20. कौशल्य कमी झालं तरी आयआर वाढला, हे मजेशीर आहे.

सातारी_क्वांट

मजेशीर नाही, तोच तर सगळा मुद्दा आहे. जो भाग गेला तो बाजाराच्या आणि सेक्टरच्या दिशेवरची बेट होती, ती वर्षाला फार वेळा लावता येत नाही.

पण 0.44 आणि 0.43 बघून पेढे वाटू नकोस. 15 वर्षांच्या डेटावर आयआरमध्ये साधारण 1/√15 म्हणजे 0.26 इतकी चूक धरावीच लागते. 0.2 आला असता तरी किंवा 0.65 आला असता तरी मी "जुळलं" म्हणालो असतो. आणि खर्च धरलायस का? ट्रॅकिंग एरर आणि दर महिन्याची उलाढाल सांग.

रात्रपाळी_पुणे

खर्च नाही धरला 😬 ट्रॅकिंग एरर 9 टक्के, महिन्याला साधारण 30 टक्के पोर्टफोलिओ बदलतो.

सातारी_क्वांट

मग वर्षाला 360 टक्के विकणार आणि तेवढंच घेणार. डिलिव्हरीवर एसटीटी दोन्ही बाजूंना 0.1 टक्का, म्हणजे फक्त त्यातच 0.72 टक्के गेले. भागिले 9, आयआरमधून 0.08 वजा. राहिला 0.35, तोही शॉर्ट टर्म टॅक्स आणि भावातला फरक न धरता. नियमात खर्चाला जागाच नाही, तो आपणच आठवणीने कापायचा.

नुसता_वाचक

मध्येच विचारतो, हे वरचे 200 शेअर आजचे का 2009 चे?

रात्रपाळी_पुणे

अं… आजची यादी, मागे नेली. जे तेव्हा लिस्टेड नव्हते ते आले त्या महिन्यापासून धरले.

मीनल_डी

अरे देवा.

सातारी_क्वांट

मग वरचं सगळं पेन्सिलीने लिहिलेलं समज. रिलायन्स कम्युनिकेशन्स, डीएचएफएल, जेट एअरवेज यातलं काहीच तुझ्या यादीत नसणार. पडत पडत संपलेले शेअर म्हणजे मोमेंटमचे हक्काचे विजय, ते गाळलेस म्हणजे आयसी कमी दिसत असेल. दुसरीकडे आजच्या यादीतला प्रत्येक जण कधी ना कधी वर आलेलाच आहे, त्याने इंडेक्सवरचा परतावा फुगतो. एकूण आकडा कुठल्या बाजूला सरकेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. दर सहा महिन्यांची तेव्हाची यादी मिळव, बंद पडलेल्या कंपन्यांचे भाव मिळव, आणि पहिल्या ओळीपासून परत चालव. यादी मिळवणं हेच सगळ्यात किचकट काम आहे, तीन महिने त्यालाच लागतील.

रात्रपाळी_पुणे

ठीक. धागा उघडा ठेवतो. बायकोला मात्र आज उठवत नाही.

तात्या_ऑप्शनवाले

माझा 30 चा नक्की किती धरायचा मग?

सातारी_क्वांट

तात्या, दिवसाचा एकूण नफातोटा घ्या, ट्रेडचा नको. 250 दिवसांची सरासरी भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन, गुणिले √250, म्हणजे 15.8. इंडेक्सशी तुलना नाही त्यामुळे याला शार्प म्हणा. आणि बजेटचे, निकालाचे दिवस "अपवाद" म्हणून वगळू नका.

तात्या_ऑप्शनवाले

ते वगळूनच 80 टक्के होते.