व्हिसा अपॉइंटमेंटची खरी साइट तुम्ही कशी ओळखलीत? अनुभव लिहा

शेंगेन व्हिसाची तारीख मिळवून देतो म्हणून माणशी आठ-दहा हजार मागणाऱ्या साइट्सचा नुसता सुळसुळाट झालाय. वास्तविक त्या तारखेला पैसे पडत नाहीत. तुम्ही खऱ्या साइटवर कसे पोहोचलात, एजंटाची साइट कशावरून ओळखलीत, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, असे फ्रान्सला निघालो होतो. गुगलवर शोधलं तर सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेली एक साइट. तिरंगी फ्रेंच झेंडा, आयफेल टॉवर, सगळा थाट सरकारी. पार तळाशी बारीक अक्षरांत मात्र लिहिलेलं, की आम्ही खासगी सल्लागार आहोत, दूतावासाशी आमचा संबंध नाही. चौघांच्या तारखांचे 32,000 रुपये, व्हिसाचं शुल्क वेगळं. आता खरं शुल्क बघा: मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना काहीच नाही. म्हणजे आमचे 225 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. ज्या मुलाकडून फ्रान्स सरकार व्हिसाचा एक पैसा घेत नाही, त्याच्या नुसत्या तारखेचे हे आठ हजार मागत होते!

मी शोधयंत्र सोडून फ्रान्सच्या सरकारी साइटवरून सुरुवात केली: france-visas.gouv.fr. तिथे खातं उघडून फॉर्म भरला आणि तिथल्याच दुव्यावरून व्हिसा केंद्राच्या visa.vfsglobal.com वर गेले. पत्ता वाचताना https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचाच भाग घ्यायचा, तो .com वरच संपतोय ना आणि त्या .com च्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. तिथे vfsglobal एवढंच हवं. त्याला आडवी रेघ देऊन पुढे आणखी एखादा शब्द जोडला असेल, तर मालक दुसराच कुणीतरी आहे.

डोंबिवलीकर : सोपी खूण सांगतो. तारीख घेताना पैसे मागितले की साइट खोटी.

व्हिसावाली वहिनी : भाऊ, तसं नाही हो. मी पंधरा-सोळा वर्षं प्रवास कंपनीत हेच काम करते. काही देशांसाठी केंद्राचं सेवाशुल्क बुकिंगच्या वेळीच ऑनलाइन भरावं लागतं. अमेरिकेचं तर usvisascheduling.com वर आधी शुल्क भरल्याशिवाय तारखा दिसतच नाहीत, पर्यटक व्हिसाला 185 डॉलर. त्यामुळे पैसे कशाचे, ते बघा. अधिकृत साइटवर ‘व्हिसा शुल्क’, ‘सेवाशुल्क’, ‘कुरिअर’ असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. ‘स्लॉटचे’ पैसे असं कुठेच नसतं. आणि फॉर्म भरून देण्याचे, कागद लावून देण्याचे पैसे घेणारा एजंट फसवा नसतो, ती त्याची मेहनत आहे. तारीख विकणारा वेगळा.

नाशिकची सई : माझी पासपोर्टची अपॉइंटमेंट अशाच साइटवर अडकली होती, दीड हजाराच्या जागी साडेतीन हजार दाखवत होते. इथे विचारलं तर चालेल ना?

व्हिसावाली वहिनी : सई, धागा व्हिसाचा आहे, पण तुझं सोपं आहे. passportindia.gov.in. शेवटी gov.in नसेल तर बाहेर पड.

मी_फ्रँकफर्टहून : आईबाबांना इकडे बोलवताना हे जवळून पाहिलं. बाबांच्या ओळखीच्या एकाने पैसे भरले, तारखेचं पत्र पीडीएफमध्ये आलं, अगदी बारकोडसकट. केंद्राच्या दारावर संदर्भ क्रमांक तपासला तर त्यांच्या यादीत तो नव्हताच. खरी तारीख पासपोर्ट क्रमांकावर नोंदलेली असते. म्हणून ‘आधी पैसे, पासपोर्ट नंतर’ म्हणणारा नक्की काय विकतोय, हे विचारा. आईबाबांसाठी मी जर्मन दूतावासाच्या india.diplo.de वरून दुवा धरत गेलो.

सातारी : पण सगळेच खोटं पत्र देत नाहीत. माझ्या साडूला एजंटाने खरी तारीख दिली. कशी मिळते त्यांना?

व्हिसावाली वहिनी : संगणकावर बॉट नावाचे प्रोग्रॅम चालवून तारखा सुटल्या सुटल्या उचलतात. मार्च 2025 मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने बॉटने घेतलेल्या सुमारे 2,000 अपॉइंटमेंट रद्द केल्या. अशा तारखेचे पैसे कोण परत देणार? शिवाय एजंट तुमचा पासवर्ड आणि गुप्त प्रश्नांची उत्तरं मागतो, म्हणजे खातंच त्याच्या हातात. आणखी एक खोड: फ्रान्सची नाही मिळाली, दुसऱ्या शेंगेन देशाची घ्या म्हणतात. जिथे मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, नाहीतर अर्ज अडकतो.

डोंबिवलीकर : मग आमच्यासारख्यांनी तारीख कधी बघायची? रात्री बारानंतर सुटतात म्हणे.

नाशिकची सई : माझ्या मैत्रिणीला दुपारी मिळाली.

व्हिसावाली वहिनी : ठरलेली वेळ मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही. शेंगेनला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हापासूनच बघायला लागा. पैसे आधीच गेले असतील तर आजच 1930 वर फोन करा, cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते.

सातारी : साडूची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. अधिकृत साइटवर त्याला स्वतः लॉगिन करून ती दिसते का, ते बघायला सांगतो आणि इथे लिहितो.