मॅच जवळपास दुप्पट झाल्या, पण ॲप खरंच चालतंय का? (मदत हवी आहे)

आठवी_गल्ली:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आम्ही तिघं मिळून एक छोटं डेटिंग ॲप चालवतो. कोल्हापूर, सांगली, सातारा एवढाच पट्टा. सक्रिय माणसं महिन्याला ४०० च्या घरात, त्यात मुली ८०.

गेल्या महिन्यात आम्ही रोजच्या लाइकवरची मर्यादा काढून टाकली. मॅच १००० होत्या, त्या १९०० झाल्या. ज्या काकांनी पैसे घातलेत ते एकदम खूश, आता पुण्यात उतरूया म्हणतात. मला मात्र खटकतंय. दोघांनीही निदान ४-४ मेसेज लिहिलेत अशा गप्पा आधी ३०० होत्या, आता ३१०. मग वाढलेल्या ९०० मॅचमधून हाताला काय लागलं? काकांपुढे मॅचऐवजी कोणता आकडा ठेवू? गप्पा किती रंगल्या, किती जण भेटले, किती टिकले हे सगळं डोक्यात आहे, पण मोजायचं कसं ते कळंना.

नाद_खुळा_भावा:
सोपं आहे की. एका मॅचमागे सरासरी किती मेसेज पडले ते बघ आणि महिन्याभरानं किती जण ॲप उघडतात ते बघ. दोन्ही चढले की विषय संपला.

सुमनमावशी:
आमच्या ओळखीचे एक जण वधूवर सूचक केंद्र चालवतात. ते नोंदणी सांगतच नाहीत, लग्नं किती जुळली तेच सांगतात. तुमच्याकडे पत्रिका जुळवायची सोय आहे का? पुतण्यासाठी विचारते. मुलगा चांगला आहे, कागलला स्वतःची शेती आहे.

आठवी_गल्ली:
मावशी, पत्रिकेची सोय नाही ओ. आणि हे लग्नाचं ॲप नाही तसं.

मिसळ_आणि_आकडे:
भावाचं अर्धं बरोबर आहे. मॅचच्या पुढं बघायचं हे खरं, पण सरासरी फसवते. एका जोडीनं रात्रभर ४०० मेसेज मारले की शंभर मुक्या मॅच त्याखाली झाकल्या जातात. शिवाय एकटाच "हाय", "जेवलीस का?", "बिझी आहेस का?" टाकत बसला तरी मेसेज वाढतातच. म्हणून बोलणं किती वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं ते मोजा. दोघांचे ४-४ ही रेघ ठीक वाटते, पण ती अंदाजानं ओढू नका. तुमच्याच जुन्या गप्पा काढा आणि कितव्या फेरीनंतर नंबर देण्याचं प्रमाण एकदम चढतं ते बघा. रेघ तिथं.

त्याआधी एक काम करा. ३०० आणि ३१० या झाल्या गप्पा. त्या किती *माणसांच्या* वाट्याला आल्या? एक तरी धड गप्पा झालेले मुलगे किती आणि मुली किती, दोन्ही महिन्यांचे वेगळे काढून इथं टाका.

आठवी_गल्ली:
काढले. आधी १६० जण होते, ७० मुली आणि ९० मुलगे. आता ११८ आहेत, ४८ मुली आणि ७० मुलगे. आईशप्पथ, गप्पा तेवढ्याच आणि माणसं कमी?

मिसळ_आणि_आकडे:
हेच बघायचं होतं. मर्यादा होती तेव्हा मुलगा जरा थांबून, प्रोफाइल वाचून लाइक द्यायचा. आता समोर येईल तिला देतोय. मुलीनं उजवीकडे सरकवलं की लगेच मॅच, त्यामुळं तिची मॅचची यादी लांबतच जाते. त्यातल्या दोनचार जणांना ती उत्तर देते, नाहीतर वैतागून सगळंच बंद करते. बोलक्या मुली आणखी बोलतात आणि २२ मुली गप्प झाल्या. त्यांच्याकडे चौथ्या आठवड्यात लक्ष ठेवा. त्या गेल्या की पुढच्या महिन्यात मॅचही पडणार.

काकांना दाखवायचा पहिला आकडा म्हणून हा ठेवा: सक्रिय माणसांपैकी किती जणांची महिन्यात एक तरी धड गप्पा झाली. तुमच्याकडे तो ४० टक्क्यांवरून साडेएकोणतीसवर आलाय. मुलींचा वेगळा दाखवा, तो साडेसत्त्याऐंशीवरून ६० वर घसरलाय. भागताना खाली मॅच घेऊ नका, माणसं घ्या.

आठवी_गल्ली:
पटलं. पण भेटीचं काय? नंबर दिला की माणसं व्हॉट्सॲपवर जातात. आमच्या बाजूनं गप्पा १२ मेसेजवर थांबलेली दिसते आणि ती मेली की फळली ते कळत नाही.

मिसळ_आणि_आकडे:
म्हणून नंबर देणं ही स्वतंत्र पायरी धरा. "नंबर शेअर करा" असं बटण द्या, मेसेज वाचायच्या भानगडीत पडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचा विषय आहेच आणि लोकांचा विश्वासही जातो. बटणातून सगळे सापडणार नाहीत. कोणी "नऊ आठ दोन" असं अक्षरात लिहितं, कोणी थेट इन्स्टाचा आयडी देतं.

नंतर विचारा, "भेटलात का?" हिंजनं २०१८ मध्ये असाच प्रश्न ॲपमध्ये आणला होता. दोघांना वेगवेगळं विचारा आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीच दाखवू नका. दोघंही हो म्हणाले तर पक्की भेट. एक हो आणि एक गप्प असेल तर ते खातं वेगळं ठेवा. गप्प म्हणजे नाही, असं धरू नका.

रंकाळा_संध्याकाळ:
मी सांगते मुलगी म्हणून. मी एका ॲपवरून एकाला भेटले, चांगला निघाला, अजून बोलतो आम्ही. ॲपनं विचारलं तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. कोल्हापुरात रंकाळ्यावर बसलं तरी मामाच्या मित्रापर्यंत बातमी जाते, त्यात ॲपमध्ये कशाला नोंद? आणि तो पुण्याला नोकरीला. मॅच झाली आषाढात, भेटलो गणपतीला आला तेव्हा. तुम्ही आठवड्याभरात विचारलं असतं तर माझं उत्तर "नाही"च होतं.

मिसळ_आणि_आकडे:
ताई, लाखमोलाचं बोललात. आठवी_गल्ली, प्रश्न एकदा नंबर दिल्यावर दोन आठवड्यांनी आणि मग दोन महिन्यांनी विचारा. ज्या महिन्यात नंबर दिले त्याच महिन्याच्या खात्यावर भेट टाका, म्हणजे जुलैच्या जोड्यांचा आकडा सप्टेंबरमध्येही वाढत राहील. ताज्या महिन्याची तुलना पिकलेल्या महिन्याशी केली की ताजा कायम वाईट दिसतो.

नाद_खुळा_भावा:
पण या ताई ॲप सोडून गेल्या तर तुमच्या हिशेबात त्या तोटाच ना? मग टिकणं मोजून उपयोग काय?

मिसळ_आणि_आकडे:
आता बोललास! म्हणून गेलेल्यांचे दोन ढीग करायचे. धड गप्पा न होता गेले ते नुकसान. नंबर देऊन गेले ते बहुतेक यश. खातं बंद करताना कारण विचारता येतं, पण बहुतेक जण नुसतं ॲप काढून टाकतात. तिथं एक खूण उपयोगी पडते: नंबर दिलेली जोडी आठवड्याभराच्या आत *दोघंही* शांत झाली का? एकटाच शांत झाला तर कंटाळा असू शकतो. अर्थात दोघं एकदम कंटाळतातही, म्हणून नंबर न दिलेल्या जोड्यांत हे किती होतं ते शेजारी मांडा आणि त्याच्यापेक्षा जास्त असेल तेवढंच यश धरा. उलट, रोज ॲप उघडून तीन महिन्यांत एकाशीही न बोललेला माणूस टिकला म्हणून टाळ्या वाजवू नका.

आठवी_गल्ली:
मर्यादा परत लावून बघावी म्हणतो. निम्म्यांना लावू आणि निम्म्यांना मोकळं सोडू?

मिसळ_आणि_आकडे:
तसं नको. मोकळ्या गटातला मुलगा दोन्ही गटांतल्या मुलींना लाइक देणार, म्हणजे दोन्हीकडच्या याद्या तुंबणार आणि फरक दिसणारच नाही. शहरानुसार वाटा.

आठवी_गल्ली:
मग फक्त साताऱ्याला लावतो.

रंकाळा_संध्याकाळ:
साताऱ्यात तुमच्या मुली आहेत तरी किती?

आठवी_गल्ली:
११.

मिसळ_आणि_आकडे:
मग त्यातून काही कळणार नाही, दोघी लग्नकार्यात अडकल्या तरी आकडा हलेल. सांगली-कोल्हापूर वेगळं करावं तर दोन्हीकडची माणसं एकमेकांना लाइक देतात. आठवडे आलटून पालटून करता येईल, पण मोकळ्या आठवड्यात तुंबलेल्या याद्या पुढच्या आठवड्यात सांडतात. इतक्या छोट्या ॲपवर हे कोणी नीट करून बघितलंय का? मलाही वाचायचं आहे.

सुमनमावशी:
पत्रिका नसली तरी चालेल, पुतण्याला ॲपचं नाव व्यनि करा.